परदेशी वित्तसंस्थेचा मशीन-करार: मालकी, हप्ते आणि मध्येच थांबण्याची किंमत

"भोसरीत माझे छोटे वर्कशॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून नोंदलेले. जर्मनीहून एक व्हीएमसी मशीन घ्यायचे आहे आणि तिकडचीच एक वित्तसंस्था ते चार वर्षांच्या हप्त्यांवर द्यायला तयार आहे. करार इंग्रजीत आहे, तीस-पस्तीस पानांचा. वर 'लीज' लिहिले आहे आणि आत 'हायर पर्चेस' असाही शब्द येतो. मशीन शेवटी माझे होणार का, आणि मध्येच काम कमी झाले तर परत करता येईल का, एवढे समजावून सांगाल का?"

करारावरचे शीर्षक सध्या बाजूला ठेवा, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे नाहीत. भोसरी, चाकण आणि चिंचवड भागातील वर्कशॉपांसाठी असे करार मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. मी सर्वांत आधी करार संपतानाचे कलम उघडतो, त्यानंतर मशीन स्वीकारल्याचे कलम आणि मग करार मुदतीआधी संपवण्याचे कलम. व्याजाचा दर, विमा, देखभाल यांकडे त्यानंतर वळतो. तुमचा करार मी पाहिलेला नाही, त्यामुळे खाली लिहिलेले तुमच्या कागदावरील शब्दांशी ताडून पाहा. एखाद्या कलमातील एका वाक्याने संपूर्ण अर्थ बदलू शकतो.

पुढे मी एकच उदाहरण घेतो. मशीनची किंमत ६०,००० युरो, सुरुवातीला भरायची रक्कम १२,००० युरो, उरलेल्या ४८,००० युरोंसाठी ४८ महिने दरमहा १,२०० युरो, आणि शेवटी खरेदीचा पर्याय वापरण्यासाठी ६०० युरो. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. आयात शुल्क आणि सीमाशुल्काच्या वेळी भरायचा आयजीएसटी यांत धरलेला नाही, आणि तो बहुधा तुम्हालाच वेगळा भरावा लागेल.

लीजमध्ये तुम्ही मशीन वापरण्याचे भाडे देता. मालकी वित्तसंस्थेकडे असते आणि मुदत संपल्यावर मशीन तिला परत द्यायचे असते, निदान मूळ कल्पना तशी आहे. भाडेखरेदीत, म्हणजे हायर पर्चेसमध्येसुद्धा, हप्ते चालू असेपर्यंत मालक वित्तसंस्थाच असते, तुमच्याकडे फक्त ताबा असतो. मात्र सर्व हप्ते फेडल्यावर ठरलेली किरकोळ रक्कम देऊन मशीन विकत घेण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. म्हणून शेवटच्या कलमात 'ऑप्शन टू पर्चेस' आहे का, त्याची रक्कम आजच आकड्यात लिहिली आहे का, आणि तो पर्याय वापरण्यासाठी किती दिवस आधी लेखी कळवायचे आहे, हे पाहा. रक्कम ६०० युरो असे लिहिले असेल, तर व्यवहार प्रत्यक्षात भाडेखरेदीचा आहे, वर काहीही लिहिलेले असो. 'त्या वेळच्या बाजारभावाने' असे लिहिले असेल, तर चार वर्षांनी तुम्हाला पुन्हा मोठी रक्कम उभी करावी लागेल आणि तो भाव कोणी ठरवायचा यावर वाद होईल. 'मशीन परत करावे किंवा करार पुढे वाढवावा' एवढेच असेल, तर मशीन तुमचे होणार नाही, आणि मुदत संपल्याची नोटीस वेळेत न दिल्यास भाडे आपोआप पुढे चालू राहण्याची तरतूदही शेजारीच आहे का, हे तपासा.

येथे एक कायदेशीर गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भाडेखरेदीसाठी संसदेने १९७२ मध्ये स्वतंत्र कायदा केला होता, परंतु तो कधी अंमलातच आला नाही आणि पुढे २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे तुमच्या बाजूने उभा राहील असा भाडेखरेदीचा विशेष कायदा नाही; जे काही आहे ते १८७२ चा भारतीय करार कायदा, न्यायालयांचे निर्णय आणि तुम्ही सही केलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य या १९६६ च्या प्रकरणात, कागदावरील नावापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहिले पाहिजे, ही भूमिका घेतली. मात्र स्वरूप ठरवण्याचा प्रश्न न्यायालयासमोर जाईपर्यंत वाट पाहणे परवडणारे नसते. वित्तसंस्थेकडून आताच दुरुस्ती मागून घ्या: 'सर्व हप्ते आणि ६०० युरो भरल्यावर मालकी कोणत्याही पुढील अटीशिवाय खरेदीदाराकडे जाईल आणि वित्तसंस्था तसे लेखी पत्र देईल.'

आता व्याज. उदाहरणातील करारात 'वार्षिक ५ टक्के फ्लॅट' असे लिहिलेले असते. ४८,००० चे ५ टक्के म्हणजे वर्षाला २,४०० आणि चार वर्षांचे ९,६०० युरो. मुद्दल मिळवून ५७,६०० युरो, म्हणजेच दरमहा १,२००. परंतु तुम्ही दरमहा मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत संपूर्ण ४८,००० वर आकारले जाते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला, तर हा दर सुमारे सव्वानऊ टक्के येतो. तुमची बँक रुपयात ज्या दराने कर्ज देते, त्याच्याशी तुलना करायची तर या सव्वानऊशी करा, पाचशी नव्हे. त्यासाठी महिन्यागणिक तक्ता मागा, ज्यात प्रत्येक हप्त्यातील मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवलेले असेल. या तक्त्याचा दुसरा, याहून मोठा उपयोग कराच्या संदर्भात आहे, तो पुढे येईल.

माझ्या अनुभवात वर्कशॉपचे सर्वाधिक नुकसान करणारा कागद म्हणजे 'अॅक्सेप्टन्स सर्टिफिकेट'. तो एका पानाचा असतो आणि बऱ्याचदा मशीन ट्रकमधून उतरवतानाच सहीसाठी पुढे केला जातो. त्याची ताकद दुसऱ्या एका कलमातून येते. बहुतेक परदेशी करारांत असे म्हटलेले असते की मशीन स्वीकारल्यानंतर हप्ते कोणत्याही परिस्थितीत, कोणतीही वजावट न करता द्यायचे; मशीन बंद पडले, सदोष निघाले, बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्तीला माणूस पाठवला नाही, तरीही. वित्तसंस्थेची भूमिका अशी असते की मशीन तुम्ही निवडले, त्यांनी केवळ पैसे दिले. ही भूमिका मोडून काढता येईल असे मला वाटत नाही आणि कोणतीही वित्तसंस्था हे कलम सहसा काढत नाही. म्हणून आपला जोर ते सुरू होण्याच्या तारखेवर असावा.

मशीन न्हावा शेवा बंदरात आले, सीमाशुल्कातून सुटले, भोसरीत पोहोचले, फाउंडेशनवर बसले, लेव्हलिंग झाले, कंपनीच्या इंजिनिअरने कमिशनिंग केले, हा सर्व काळ काही आठवड्यांचा असतो. करारात हप्त्यांची सुरुवात 'डिलिव्हरीपासून' असेल, तर मशीनने एकही जॉब कापलेला नसताना पहिला हप्ता पडतो. ती सुरुवात 'लेखी स्वीकृतीपासून' अशी करून घ्या आणि स्वीकृतीची व्याख्या स्पष्ट ठेवा: भौमितिक अचूकतेची तपासणी, बॉलबार चाचणी, स्पिंडल काही तास सलग चालवून तापमान आणि रनआउट पाहणे, आणि तुमच्याच ड्रॉइंगवरील एक चाचणी-जॉब टॉलरन्समध्ये निघणे. त्याचबरोबर 'अमुक दिवसांत हरकत न घेतल्यास मशीन स्वीकारले असे समजले जाईल' हे वाक्य शोधा. ते असल्यास दिवसांची मोजणी कमिशनिंग पूर्ण झाल्यापासून सुरू व्हावी. काही दोष उरला असेल, तर सर्टिफिकेटवर तो लिहूनच सही करा. कोरी सही करून नंतर ईमेलने तक्रार केल्यास वित्तसंस्था सर्टिफिकेटच पुढे करते.

याला जोडून वॉरंटीचा मुद्दा येतो आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मशीनचा मालक वित्तसंस्था असल्यामुळे वॉरंटी कागदोपत्री तिच्या नावे असते. स्पिंडल बिघडल्यावर तुम्ही कंपनीला कळवता आणि कंपनी सांगते की आमचा करार तुमच्याशी नाही. त्यामुळे वित्तसंस्थेने वॉरंटीचे सर्व हक्क तुमच्याकडे वर्ग केले आहेत आणि तुम्ही स्वतःच्या नावाने दावा करू शकता, असे कलम हवे. बिनशर्त हप्त्यांच्या कलमापुढे तुमचे एकमेव संरक्षण हेच आहे, म्हणून मी त्यावर कधीही तडजोड करू नये असे सांगतो.

तुमचा दुसरा प्रश्न, मध्येच परत करण्याचा. मूळ भाडेखरेदीत भाडेकऱ्याला मशीन परत करून करारातून बाहेर पडता येते आणि त्यापुढील हप्त्यांचे बंधन राहत नाही. त्याला खरेदीचा हक्क असतो, खरेदीची सक्ती नसते. परंतु परदेशी वित्तसंस्थांच्या छापील करारांत 'नॉन-कॅन्सलेबल' हा शब्द घालून हा मार्ग बंद केलेला असतो. तो शब्द तुमच्या करारात असेल, तर परत करण्याचा हक्क नाही असेच धरून चाला आणि मुदतीआधी संपवल्यास किती द्यावे लागेल, याचे सूत्र पाहा.

उदाहरणातच पाहू. २४ हप्ते भरून झाले, काम कमी झाले आणि पुढचे हप्ते थकले. आतापर्यंत तुम्ही १२,००० आणि २८,८०० मिळून ४०,८०० युरो दिले आहेत. सर्वांत कठोर करारात लिहिलेले असते की उरलेले सर्व २४ हप्ते, म्हणजे २८,८०० युरो, लगेच देय होतील आणि मशीनही परत द्यावे लागेल. समजा, वित्तसंस्थेने ते मशीन ३०,००० युरोंना विकले. तिला तुमच्याकडून २८,८०० मिळाले आणि मशीनचे ३०,००० वेगळे मिळाले. प्रत्यक्षात त्या दिवशी घटत्या शिलकीनुसार तिचे मुद्दल सुमारे २६,२०० युरोच बाकी होते. २८,८०० मधील उरलेले २,६०० हे पुढच्या दोन वर्षांचे, अद्याप न पिकलेले व्याज आहे.

न्याय्य कलमात तीन गोष्टी असतात. न पिकलेले व्याज वजा केले जाते. मशीनच्या विक्रीतून खर्च जाऊन आलेली रक्कम तुमच्या खात्यात जमा धरली जाते. आणि काही शिल्लक उरल्यास ती तुम्हाला परत मिळते. याप्रमाणे २६,२०० अधिक थकीत हप्ते आणि विक्रीखर्च वजा जाता ३०,००० मधून थोडे तुमच्याकडेही येऊ शकतात. कठोर कलमात यांतील एकही गोष्ट नसते. आपल्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, त्यामुळे अशा कलमाविरुद्ध बोलायला जागा आहे. पण हे तेव्हाच, जेव्हा कराराला भारतीय कायदा लागू असेल.

इथे कागदाच्या शेवटच्या दोन पानांकडे वळावे लागते. करारावर जर्मन कायदा लागू असेल आणि वाद फ्रँकफर्टमधील लवादापुढे जाणार असेल, तर तिथला निवाडा इथे आणून अंमलात आणता येतो, कारण जर्मनी परदेशी लवाद-निवाड्यांच्या न्यूयॉर्क कराराखाली भारताने अधिसूचित केलेला देश आहे आणि असा निवाडा अडवण्याची कारणे आपल्या कायद्यात फार थोडी आहेत. एवढ्या आकाराच्या मशीनसाठी जर्मनीत वकील लावणे कोणत्याही वर्कशॉपला परवडत नाही. लवादाची जागा पुणे किंवा मुंबई मिळाली तर उत्तम. ती न मिळाल्यास निदान मुदतपूर्व रकमेचे सूत्र करारातच आकड्यांनिशी पक्के करून घ्या, कारण मग वादाला विषयच उरत नाही.

कराबाबत एक फरक पैशांत इतका मोठा आहे की तो सविस्तर सांगतो. परदेशी संस्थेला पैसे पाठवताना तुम्हाला कर कापावा लागतो. औद्योगिक उपकरण वापरल्याबद्दलचे लीज-भाडे आपल्या आयकर कायद्यात आणि भारत-जर्मनी कर-करारातही रॉयल्टी मानले जाते, म्हणजे संपूर्ण भाड्यावर कर लागतो. भाडेखरेदीत मात्र हप्त्यातील मुद्दल हे मशीनची किंमत असते आणि कर फक्त व्याजावर येतो. जर्मनीसोबतच्या करारात दोन्हींसाठी कमाल दर १० टक्के आहे, अर्थात वित्तसंस्थेने तिथले करनिवासी प्रमाणपत्र दिले असेल आणि कराराच्या इतर अटी पाळल्या असतील तर.

आता तुमच्या करारात 'ग्रॉस-अप' कलम असेल, आणि ते असतेच. ते म्हणते की वित्तसंस्थेच्या हातात १,२०० युरो पूर्ण पडले पाहिजेत, कर तुम्ही वर भरायचा. लीज असेल तर १,२०० हे कर कापून उरलेले धरून मूळ रक्कम १,३३३ होते आणि दरमहा १३३ युरो तुमच्या खिशातून जातात. ४८ महिन्यांत ६,४०० युरो. भाडेखरेदी असेल आणि तक्त्यात व्याज वेगळे दाखवलेले असेल, तर एकूण ९,६०० व्याजावर हाच हिशेब सुमारे १,०६७ युरोंवर थांबतो. मशीन तेच, हप्ता तोच, आणि फरक ५,३०० युरोंहून अधिक. म्हणूनच वर महिन्यागणिक तक्ता मागायला सांगितला. मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवलेले नसेल, तर कर कमी लावण्याची बाजू तुमचा सीए कशाच्या आधारे मांडणार? घसारा कोण घेणार, हेही याच स्वरूपावर ठरते. भाडेखरेदीत तो तुम्हाला मिळतो, खऱ्या लीजमध्ये वित्तसंस्थेकडे जातो आणि तुम्ही भाडे खर्च म्हणून दाखवता. जीएसटी कायद्यातही भाडेखरेदी हा वस्तूचा पुरवठा आणि लीज हा सेवेचा पुरवठा मानला जातो. लीजमध्ये दरमहा भाड्यावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे पुरवठादाराऐवजी तुम्हालाच, कर भरावा लागू शकतो. त्याचे क्रेडिट बहुधा मिळते, पण तोवर रोकड अडकून राहते.

सही करण्यापूर्वी, सीएकडे जाण्याच्याही आधी, तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागात करार दाखवा. वित्तीय लीज आणि परदेशी संस्थेकडून अशा प्रकारे घेतलेले दीर्घ मुदतीचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या बाह्य व्यापारी कर्जाच्या नियमांखाली येतात. त्यांत मुदत, एकूण खर्च आणि नोंदणी यांचे नियम आहेत, आणि कर्ज-नोंदणी क्रमांक तुमच्या बँकेमार्फतच घ्यावा लागतो. हे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आजची स्थिती बँकेकडून लेखी घ्या. नोंदणीशिवाय सही केल्यास मशीन वर्कशॉपमध्ये येते आणि पहिला हप्ता पाठवायच्या दिवशी बँक पैसे पाठवायला नकार देते. तिकडे तुम्ही थकबाकीदार ठरता, इकडे खात्यात पैसे पडून असतात.

हप्ते युरोत आणि तुमची जॉबवर्कची बिले रुपयांत, ही जोखीम वेगळीच राहते. युरो १०० रुपयांना धरून दरमहा १,२०,००० रुपयांचे गणित बसवले आणि तो ११० झाला, तर त्याच हप्त्याला १,३२,००० लागतात. बँकेकडून फॉरवर्ड बुकिंगचा, म्हणजे पुढच्या हप्त्यांचा युरोचा दर आजच पक्का करण्याचा, खर्च विचारा आणि तो वरील सव्वानऊ टक्क्यांत मिळवूनच रुपयातील कर्जाशी तुलना करा. तुमच्या ग्राहकांपैकी कोणी युरोत पैसे देत असेल, तर चित्र बदलते. बहुतेक वर्कशॉपांचे तसे नसते.

शेवटी तुमच्या सध्याच्या कॅश क्रेडिटचे कागद पाहा. बँकेने वर्कशॉपमधील सध्याची आणि पुढे येणारी सर्व यंत्रसामग्री तारण घेतलेली असेल, तर वित्तसंस्थेच्या मालकीचे मशीन त्यात ओढले जाऊ शकते आणि दोन्ही बाजूंच्या करारांचा भंग तुमच्याच माथी येतो. बँकेकडून हे मशीन तारणातून वगळल्याचे पत्र घ्या. शेड भाड्याची असेल, तर जागामालकाकडूनही या मशीनवर आपला हक्क नसल्याचे लिहून घ्या, आणि वित्तसंस्थेची मालकी दाखवणारी पाटी मशीनवर लावून तिचा फोटो दोन्ही पत्रांसोबत ठेवा.